भाड्याच्या घरात कुत्रा आणायची परवानगी मागताना

‘काही त्रास होणार नाही’ या वाक्यावर घरमालक विश्वास ठेवत नाहीत, कारण त्यात धरून ठेवण्यासारखं काहीच नसतं. अर्जात कुत्र्याची जात, वय, वजन आणि लसीकरणाची तारीख लिहा, आणि प्रत्येक हमी तपासता येईल अशी द्या.

सगळ्यात मोठी भीती लघवीच्या वासाची असते. लघवी लाकडात किंवा गादीत मुरली की वरवर पुसून वास जात नाही, आणि कुत्रा वासामुळे पुन्हा तिथेच करतो. म्हणून ‘डाग लगेच टिपून एन्झाइम क्लीनरने साफ करीन’ असं स्पष्ट लिहा. अमोनिया असलेलं क्लीनर टाळा; त्याचा वास लघवीसारखाच येतो.

आवाजाचं खरं दुखणं म्हणजे तुम्ही बाहेर असतानाचं भुंकणं, जे तुम्हाला ऐकूच येत नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून तासभर बाहेर जा. भुंकणं पहिल्या दहा मिनिटांत थांबत असेल तर तसं सांगा. थांबत नसेल तर आधी एकटं राहायची सवय लावा, मग अर्ज करा.

नुकसानीबद्दल असं लिहिता येईल: ‘दारं, चौकटी आणि फरशीचे आजच्या तारखेचे फोटो सोबत जोडले आहेत. कुत्र्यामुळे ओरखडे पडल्यास पंधरा दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून देईन.’ फोटो कुत्रा घरात येण्याआधीचेच हवेत, नाहीतर जुने ओरखडेही तुमच्याच माथी येतील.

होकार मिळाला तरी तो लेखी घ्या.