विक्री अहवालात महिनाअखेरचा दर लावताय? या चुका टाळा

अनेक देशांची विक्री डॉलरमध्ये आणताना सोपा रस्ता म्हणजे महिना संपल्यावर 31 तारखेचा दर घ्यायचा आणि एकूण रकमेला लावायचा. दर फारसा हलत नाही तोवर हे खपून जातं. दिरहम तर 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधलेला आहे, त्यामुळे दुबईच्या आकड्यांत चूक दिसतच नाही.

इजिप्तच्या आकड्यांत मात्र ती उघडी पडते. 6 मार्च 2024 रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने पौंड मोकळा सोडला. डॉलरला सुमारे 31 पौंड असलेला दर त्याच दिवशी 50 च्या आसपास गेला आणि महिनाअखेरीस 47 च्या जवळ होता. समजा, 4 मार्चला 3,10,000 पौंडांचं बिल झालं. त्या दिवशीच्या दराने विक्री 10,000 डॉलर. 47 ने भागलं तर 6,596. माल तेवढाच गेला, तरी कैरोच्या टीमची विक्री एक तृतीयांशाने घटलेली दिसते.

पैसे यायचे असतील तर त्या येणे रकमेला महिनाअखेरचा दर लावणं बरोबरच आहे. पण तो फरक विनिमय तोट्यात जातो, विक्रीत नाही. गोंधळ बहुतेकदा इथेच होतो.

आपल्या अहवालात काय झालंय ते ओळखायला स्थानिक रक्कम भागिले डॉलर रक्कम असा एक कॉलम काढा. 4 मार्च आणि 20 मार्च, दोन्ही ओळींत 47 च आला, तर दर महिनाअखेरचाच आहे.

दुरुस्ती करताना पुढची अडचण सुट्ट्यांची. इजिप्तमध्ये बँका शुक्रवार-शनिवार बंद असतात, रविवारी नाही. त्या दोन दिवसांचा दर तक्त्यात नसतो आणि नेमकी तारीख शोधणारा फॉर्म्युला `#N/A` देतो. कुणीतरी मग तिथे हाताने दर भरतं, आणि तो कुठला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर उचला (A मध्ये तारीख, B मध्ये दर):

```
=XLOOKUP(A2,Rates!A:A,Rates!B:B,,-1)
```

यातही एक खोच आहे. दरांचा तक्ता महिनाभर कुणी भरलाच नाही, तरी हा फॉर्म्युला मुकाट्याने जुना दर देत राहतो. म्हणून शेजारी दर किती दिवस जुना आहे तेही काढा:

```
=A2-XLOOKUP(A2,Rates!A:A,Rates!A:A,,-1)
```

उत्तर 3 पेक्षा मोठं आलं तर लांब सुट्टी होती की तक्ता अर्धवट आहे, ते पाहा.

परत आलेल्या मालाला मात्र परतीच्या तारखेचा दर लावू नका. मूळ बिलाचाच लावा. वरचं बिल 25 मार्चला पूर्ण रद्द झालं आणि 47 ने वजा केलं, तर कधीच न झालेली 3,404 डॉलरची विक्री अहवालात उरते. त्यासाठी क्रेडिट नोटच्या ओळीत मूळ बिलाची तारीख हवी. ती सिस्टीममधून येत नसेल तर आधी ती मागून घ्या.