रूम सर्व्हिस मेनूच्या तळाशी छापलेल्या ओळी

हॉटेल मॅनेजमेंटची मुलं ट्रेनिंगला आली की रूम सर्व्हिसमध्ये त्यांना आधी ट्रे लावायला शिकवतात, मग फोनवर बसवतात. मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळी मात्र कुणी वाचून दाखवत नाही. फोनवर गेस्टशी होणारे बहुतेक वाद त्याच ओळींवरून होतात, हे मी नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका बिझनेस हॉटेलात रात्रपाळी करताना पाहिलं. पुढे मेनू नव्याने छापायचा ठरला तेव्हा त्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यावेळी जे समजलं ते इथे लिहितेय. तुम्ही ऑर्डर टेकर म्हणून सुरुवात करणार असाल तर उपयोगी पडेल.

सुरुवात वेळेपासून करू. आमच्या जुन्या कार्डावर ‘तयारीसाठी 20 मिनिटे’ असं छापलेलं होतं. किचनच्या बाजूने ते खरंच होतं. केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, छापून आल्यापासून पदार्थ पासवर, म्हणजे तयार पदार्थ ठेवायच्या काउंटरवर, येईपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागायचा. पण गेस्ट फोन ठेवतो तिथपासून घड्याळ बघतो आणि दाराची बेल वाजते तिथे थांबतो. या दोन टोकांमध्ये किचनखेरीज बरंच काही असतं. ऑर्डर परत वाचून दाखवायची, पीओएसमध्ये, म्हणजे बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायची. पदार्थ पासवर आल्यावर झाकणं, कटलरी, लोणचं, लिंबू, बिल असं सगळं तपासून ट्रे उचलायचा. मग सर्व्हिस लिफ्टची वाट बघायची, आणि त्याच लिफ्टने हाउसकीपिंगच्या चादरीही जात असतात. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर 20 ची सहज 35 मिनिटं होतात. गेस्ट चिडतो आणि शेफ म्हणतात, ‘माझ्याकडून वेळेत गेलंय.’ दोघांचंही बरोबर असतं, चुकलेली असते कार्डावरची ओळ.

म्हणून छापायचा आकडा दारापासून मागे मोजत आणायचा. पीओएसमध्ये ऑर्डर टाकल्याची वेळ असतेच. वेटरने बिलावर सही घेताना शेजारी पोहोचल्याची वेळ लिहायची, एवढीच सवय लावावी लागते. आठवड्याभराची बिलं घेऊन बसलं की चित्र स्पष्ट होतं. इथे सरासरी काढू नका. सरासरी छापली तर जवळजवळ निम्म्या गेस्टना आपण उशीर करतोय असंच वाटणार. दहापैकी नऊ ऑर्डरी ज्या वेळेच्या आत पोहोचल्या, ती वेळ घ्या. उगाच तासाभराची वेळ छापून सुरक्षित राहण्यातही अर्थ नाही, कारण तेवढ्यात गेस्ट बाहेरच्या ॲपवरून जेवण मागवून मोकळा होतो.

सगळ्या मेनूला मिळून एकच आकडाही पुरत नाही. आम्ही दोन गट केले. सँडविच, सूप, सॅलड, चहा-कॉफी 25 मिनिटं. भाजी-रोटी, बिर्याणी, पिझ्झा 40 मिनिटं. ओळ अशी लिहिली: ‘ऑर्डर नोंदवल्यापासून खोलीत पोहोचायला लागणारा अंदाजे वेळ. गर्दीच्या वेळी लागणारा वेळ फोनवर सांगितला जाईल.’ हे दुसरं वाक्य आमच्याकडे फार कामाला येतं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मॅच किंवा मोठा कार्यक्रम असला की तिथून परतलेले गेस्ट एकदमच फोन करतात. त्या रात्री 40 मिनिटांत जेवण जात नाही. मग ऑर्डर टेकरने किचनला विचारून खरा आकडा सांगायचा. ‘थोडा वेळ लागेल’ हे उत्तर देऊ नका, ‘एक तास लागेल, चालेल का?’ असं विचारा.

या भागातलं आणखी एक वाक्य मला महत्त्वाचं वाटतं: ‘एकत्र मागवलेले पदार्थ एकत्र आणले जातील, काही आधी हवे असल्यास सांगावे.’ सूप आणि बिर्याणी एकाच ऑर्डरमध्ये असली तर सूपही बिर्याणीच्याच वेळेला येतं. गेस्टला हे माहीत नसतं. लहान मुलासाठी खिचडी मागवणाऱ्या आईला तर ती आधीच हवी असते. ते वाक्य वाचलं की ती स्वतःहून तसं सांगते.

आता ट्रे चार्ज. रेस्टॉरंटच्या दरावर खोलीपर्यंत नेण्याचा जो जादा खर्च येतो, तो या नावाने लावला जातो. जुन्या कार्डावर लिहिलेलं होतं, ‘ट्रे चार्ज ₹75 लागू’. एवढ्याशा ओळीतून किती प्रश्न निघतात बघा. चार जणांचं जेवण दोन ट्रेमध्ये गेलं तर 75 की 150? अर्ध्या तासाने दोन रोट्या जास्त मागवल्या तर पुन्हा 75? नुसती पाण्याची बाटली मागवली तर? त्यावर कर आहे की नाही? फोनवर बसणारे तिघं तीन उत्तरं द्यायचे आणि गेस्ट चेकआउटला फ्रंट ऑफिसशी भांडायचा.

चार्ज ठेवायचाच असेल तर ओळ पूर्ण हवी: ‘प्रत्येक ऑर्डरला ₹75 ट्रे चार्ज, ट्रे कितीही असले तरी एकदाच. त्याच जेवणासाठी नंतर मागवलेल्या जादा पदार्थांवर आणि पाण्यावर नाही. कर वेगळा.’ आता हिशोब मांडू. पनीरची भाजी 420 आणि दोन रोट्या 140, म्हणजे 560. त्यात 75 मिळवले की 635. रेस्टॉरंटसाठी जीएसटी 5 टक्के असलेल्या हॉटेलात कर 31.75, एकूण 666.75. ट्रे चार्ज जेवणाच्याच सेवेचा भाग असल्याने त्यालाही जेवणाचाच दर लागतो. ज्या हॉटेलांत आधीच्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर गेलेलं असतं, तिथे जेवणावर 18 टक्के लागतात, म्हणून आपलं हॉटेल कशात मोडतं ते अकाउंट्सला विचारून घ्या. गेस्टने ‘एकूण किती होतील?’ विचारलं तर ट्रे चार्ज आणि करासकट शेवटचा आकडा सांगता आला पाहिजे.

माझं मत मात्र हा चार्ज वेगळा लावूच नये असं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल-रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, आणि दुसऱ्या कुठल्याही नावाने तो वसूल करू नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या सूचना उचलून धरल्या. गेस्ट 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो. ‘ट्रे चार्ज म्हणजे दुसऱ्या नावाचा सर्व्हिस चार्जच’ असं त्याने म्हटलं तर रात्री दोन वाजता फोनवर बसलेल्या मुलाने काय वाद घालायचा? आमच्या एफ अँड बी मॅनेजर मॅडमनी शेवटी रूम सर्व्हिसच्या मेनूचे दरच वेगळे केले आणि पोहोचवण्याचा खर्च पदार्थाच्या किमतीत धरला. वरच्या उदाहरणातली भाजी 470 आणि रोटी 80 केली की ऑर्डर 630 ची होते. हॉटेलला पाच रुपये कमी मिळतात, पण बिलात प्रश्न विचारण्यासारखी ओळच उरत नाही. रूम सर्व्हिसचे दर रेस्टॉरंटपेक्षा वेगळे आहेत, एवढं कार्डाच्या वरच्या बाजूला ठळक छापलं की झालं.

सगळ्यात जास्त विचार रात्रीच्या मर्यादेवर करावा लागतो. ‘संपूर्ण मेनू रात्री 11 पर्यंत’ ही ओळ बघा. 11 पर्यंत ऑर्डर द्यायची की 11 पर्यंत जेवण मिळणार? गेस्टने 10:52 ला फोन करून तंदुरी चिकन आणि रोट्या सांगितल्या. त्याच्या दृष्टीने तो वेळेत आहे. पण आधीच्या ऑर्डरी संपून त्याची पाळी येईपर्यंत किचनमध्ये तंदूरवाल्याने कोळसा ओढून घेतलेला असतो, भट्टी उतरायला लागलेली असते. पुन्हा तापवायची तर तासभर तरी हवा. त्या उतरत्या तंदुरात लावलेली रोटी नीट चिकटत नाही, फुगत नाही, आणि चिकन बाहेरून कोरडं पडून हाडापाशी कच्चं राहतं. असं चिकन खोलीत पाठवायचंच नाही. मग दहा मिनिटांनी गेस्टला उलटा फोन करून नाही सांगावं लागतं.

यावर उपाय मागून मोजण्याचाच आहे. तंदूर 11:15 ला बंद होतो, तंदुरी पदार्थाला किचनमध्ये 25 मिनिटं लागतात, आणि आधीच्या एक-दोन ऑर्डरी रांगेत असणार हे धरलं की शेवटची ऑर्डर 10:40 ला येते. छापायला 10:30. ओळ: ‘तंदूरच्या पदार्थांची शेवटची ऑर्डर रात्री 10:30. इतर मेनूची शेवटची ऑर्डर रात्री 11. त्यानंतर पहाटे 6 पर्यंत नाइट मेनू.’ ‘शेवटची ऑर्डर’ हे दोन शब्द प्रत्येक वेळेला जोडायचेच. ‘रात्री 12 नंतर’ असं उघडं सोडू नका, कधीपर्यंत तेही लिहा. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेने काम करणारे गेस्ट पहाटे चारला जेवण मागतात. त्यांना ते रोजचंच असतं.

नाइट मेनूत काय ठेवायचं ते रात्री किचनमध्ये कोण आणि काय चालू असतं त्यावर ठरतं. आमच्याकडे एक कॉमी म्हणजे ज्युनियर कुक, दोन बर्नर आणि एक तवा. फ्रायरचं तेल त्या वेळात गाळायला काढतात, म्हणून फ्राइज आणि पकोडे मेनूतून काढले. उरले ते खिचडी, दही-भात, डाळ-भात, ऑम्लेट, टोस्ट, सँडविच, नूडल्स, फळं. थोडंच आहे, पण छापलेला प्रत्येक पदार्थ मिळतो.

जैन गेस्टसाठी इथे वेगळी ओळ हवीच. वाशीच्या एपीएमसीत कामासाठी येणारे कितीतरी व्यापारी जैन जेवण मागतात. दिवसा शेफ वेगळी ग्रेव्ही करून देतात. रात्री मात्र तयार ठेवलेल्या सगळ्या ग्रेव्हीत कांदा-लसूण असतो, आणि तव्यावर नुकतंच ऑम्लेट झालेलं असतं. त्यामुळे ‘विनंतीवरून जैन जेवण उपलब्ध’ हे दिवसाचं वाक्य नाइट मेनूवर तसंच उचलून ठेवू नका. आम्ही ‘रात्री जैन पर्याय: स्वतंत्र भांड्यात केलेली मूगडाळ खिचडी, दही-भात, फळे’ असं लिहिलं. नाइटच्या कॉमीनेच सुचवलेली ही यादी आहे, कारण खात्रीने काय देता येतं ते त्यालाच माहीत होतं.

दारूची वेळ जेवणाच्या ओळीत मिसळू नका. ती परवान्यावर अवलंबून असते, किचनवर नाही, आणि ड्राय डेला जेवण चालू असतं तेव्हा दारू बंद असते. तिची ओळ वेगळीच छापा.

राहिलं ते दाराला अडकवायचं ब्रेकफास्ट कार्ड. नाइटचा वेटर रात्री दोनला मजले फिरून ती गोळा करतो, म्हणून त्यावर ‘रात्री 2 पूर्वी दाराबाहेर अडकवावे’ एवढं हवंच. ब्रेकफास्ट किचन साडेसहाला चालू होतं, पण पहाटेच्या विमानाला निघणारे त्याआधीच गाडीत बसलेले असतात. त्यांच्यासाठी आम्ही त्याच कार्डावर खाली छापलं: ‘सकाळी 6:30 पूर्वी निघत असल्यास पॅक ब्रेकफास्टसाठी आदल्या रात्री 10 पर्यंत कळवावे.’ दहाची वेळ अशासाठी की ब्रेड, उकडलेली अंडी आणि फळं बाजूला काढून ठेवायला संध्याकाळच्या पाळीतलं माणूस तेव्हा किचनमध्ये असतं.