क्षतिपूर्तीचे कलम सोडवताना एकही बाब गळू नये म्हणून

कोल्हापुरातील गूळ-गोदामाच्या भाडेकरारात क्षतिपूर्तीचे कलम अर्धविरामांनी लांबवत नेले, की कोणती बाब कोणाच्या माथी हे कळत नाही.

१. प्रथम मूळ मजकुरातील प्रत्येक बाबीवर पेन्सिलीने क्रमांक घाला. समजा, आग, गळती, चोरी, दंड व वकील फी अशा ५ भरल्या.

२. "भाडेकरू मालकास पुढील बाबींची भरपाई देईल:" एवढे वाक्य वर ठेवून प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत घ्या आणि अर्धविराम केवळ त्या ओळींच्या शेवटी द्या.

३. त्याच कलमात आलेली नोटिशीची मुदत ही भरपाईची बाब नव्हे. तिचे वेगळे वाक्य करून पूर्णविराम द्या, मग पुन्हा ५ मोजा.

"हलगर्जीपणामुळे झालेली आग, गळती व चोरी" यातील विशेषण केवळ आगीचे की तिन्हींचे, हे पक्षकारांना विचारल्याविना ओळी तोडू नका, कारण तेथे जबाबदारीच बदलते.