थंडीत पाण्यावर वाफा का उठतात? दोन थर्मामीटर घेऊन स्वतः ताडून कसं पाहावं

डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीच्या लाईटवर दारं धरणाऱ्याला हे रोजचं आहे. मोटर सुरू होते, पाईपातून पाणी हौदात पडतं आणि त्यावर पांढऱ्या वाफा उठू लागतात. हात घातला तर पाणी कोमट लागतं. परभणी-नांदेडच्या बाजूला गोदावरीच्या डोहांवरही सूर्योदयाच्या सुमारास असंच होतं. पाणी कुणी तापवलेलं नसतं, तरी ते धुरासारखं का दिसतं, हे थोडी मोजमापं आणि साधी बेरीज-भागाकार करून नीट कळतं.

एक गोष्ट आधीच पक्की करू. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात ते वाफेपासून परत बनलेले पाण्याचे अतिबारीक थेंब. म्हणजे खरा प्रश्न असा, की नुकतीच पाण्यातून निघालेली वाफ लगेच पुन्हा पाणी का होते?

पहिली पायरी: पाण्याचं तापमान घ्या

सूर्य उगवण्याच्या अर्धा तास आधी जा. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा, पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटीमीटर ठेवा आणि दोन मिनिटांनी वाचा. काठाच्या उथळ पाण्यात मोजू नका. तिथलं पाणी रात्रीतून जास्त गार होतं आणि आकडा फसवा येतो. अंधारात काठावर वाकण्यापेक्षा काठीच्या टोकाला दोरी बांधणं बरं.

विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, पण त्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. काही मीटर खोल जमिनीला वरच्या ऋतूंचा पत्ता उशिरा आणि अगदी थोडा लागतो. त्यामुळे तिथलं पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ राहतं. बदलते ती आपल्या हाताभोवतीची हवा.

दुसरी पायरी: हवा किती गार, किती ओली

त्याच ठिकाणी, पाण्यापासून चार पावलं दूर, कमरेइतक्या उंचीवर दोन थर्मामीटर धरा. एकाच्या टोकाला पातळ सुती चिंधी गुंडाळून ती ओली करा, दुसरा कोरडा ठेवा, आणि दोन्हींना वारा घाला. ओल्या थर्मामीटरचा आकडा खाली येतो, कारण चिंधीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा. हवा ८ अंश असताना फरक एक अंशापेक्षा कमी आला, तर हवेतला ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास समजा. तोच फरक ४ अंशांचा आला, तर ओलावा जेमतेम ५० टक्के. मोजण्याआधी दोन्ही थर्मामीटर एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून पाहा. त्यांचे आकडे जुळत नसतील, तर तेवढी दुरुस्ती धरा. इथे अर्ध्या अंशाचा घोळही निकाल बदलतो.

तिसरी पायरी: हिशेब

एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती वाफ मावते, हे तापमानावर ठरतं. ८ अंशांना ८.३ ग्रॅम, १२ ला १०.७, १६ ला १३.६, २० ला १७.३ आणि २४ ला २१.८ ग्रॅम. दर चार अंशांची वाढ आधीच्या वाढीपेक्षा मोठी आहे: २.४, २.९, ३.७, ४.५. सगळं गुपित या वाढत्या पायऱ्यांत आहे.

समजा विहिरीचं पाणी २४ अंश आहे, हवा ८ अंश आणि ओलावा ९० टक्के. पाण्याला अगदी चिकटून असलेल्या हवेचा थर पाण्याइतकाच उबदार आणि वाफेने भरलेला असतो, म्हणजे त्यात २१.८ ग्रॅम वाफ आहे. वरच्या गार हवेत ८.३ चे ९० टक्के, म्हणजे साधारण ७.५ ग्रॅम. आता दोन्ही निम्मे-निम्मे मिसळू द्या. तापमान १६ अंशांच्या आसपास येतं आणि वाफ साधारण १४.६ ग्रॅम होते. पण १६ अंशांना मावते १३.६ ग्रॅम. वरच्या एका ग्रॅमला जागाच उरत नाही, आणि ती वाफ हवेतल्या धुळीच्या कणांवर थेंब होऊन बसू लागते. (थेंब बनताना उष्णता सुटते आणि हवा किंचित गरम होते, त्यामुळे प्रत्यक्षात थेंबांत उतरणारं पाणी या हिशेबापेक्षा कमी असतं.) वरची हवा तर आधी पूर्ण भरलेलीही नव्हती. तरी मिश्रण भरून वाहतं, ही मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ती वाफ हातभर वर जाऊन नाहीशी का होते, तेही याच हिशेबात आहे. उबदार, ओली हवा हलकी असते, म्हणून वर चढते आणि चढताना आणखी गार हवा ओढून घेते. एक भाग ओली हवा आणि नऊ भाग गार हवा असं मिश्रण झालं, की तापमान ९.६ अंश होतं, वाफ ८.९ ग्रॅम, आणि तिथे मावते साधारण ९.२ ग्रॅम. आता पुन्हा जागा आहे, म्हणून थेंब उडून जातात.

कधी फसतं

हवा १८ अंश असेल तर ओलावा ९० टक्के असूनही २४ अंशांच्या पाण्यावर काही दिसत नाही. सहा अंशांचा फरक पुरत नाही. आपल्याकडच्या तापमानात साधारण १० ते १२ अंशांचा फरक लागतो. रात्री ढग आले की हवा तेवढी गार होत नाही, म्हणून ढगाळ पहाटे पाणी गप्प असतं.

उलट, उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला असेल तर हवा ८ अंश असूनही वाफा विरळ दिसतात किंवा दिसतच नाहीत. ओलावा ५० टक्के धरून वरचा हिशेब पुन्हा करा. निम्म्या-निम्म्या मिश्रणात १३ ग्रॅमच्या आसपास वाफ येते, मावते १३.६. शिवाय वारा मिश्रण फार लवकर पातळ करतो. आदल्या संध्याकाळी आकाश निरभ्र असेल आणि वारा पडला असेल, तर दुसऱ्या पहाटे जाण्यात अर्थ आहे.

बघताना उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. बारीक थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, त्यामुळे सूर्य पाठीशी असेल तर हेच धुकं फिकट दिसतं. अंधारात पलीकडच्या काठावरून कुणाला तरी बॅटरी धरायला सांगा.

हेच ते धुकं आहे का?

ज्वारी-हरभऱ्याच्या रानावर पसरलेली धुई वेगळी. तिथे जमीन रात्री गार होते, तिला लागून हवा गार होते आणि जागीच थेंब धरते. ही धुई पाणी नसलेल्या शेतावरही असते. पाण्यावरच्या वाफा मात्र पाण्यातून धाग्यांसारख्या उठतात आणि काठ सोडला की संपतात. नदीच्या खोलगट भागात चुलीचा धूरही पहाटे आडवा साचतो. तो निळसर असतो, त्याला वास येतो आणि हातभर वर जाऊन तो विरत नाही.

गावतळ्यावर डिसेंबरात दिसणाऱ्या वाफा जानेवारीत तितकीच थंडी असूनही कमी झाल्या, तर पाण्याचं तापमान पुन्हा घ्या. उथळ तळं स्वतःच रोज थोडं थोडं गार होत गेलेलं असतं, आणि हवेशी असलेला त्याचा फरक मिटत आलेला असतो. शेजारच्या विहिरीचं पाणी त्याच पहाटे उपसून हौदात सोडलं, तर त्यावर वाफा उठतात.