अर्ज न करता चांगल्या पगाराची ऑफर: कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सवाल्यांसाठी

चौदा वर्षं बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत काढली. पहिली नोकरी सोडली तर बाकी तिन्ही अर्ज न करता मिळाल्या. तरी दर आठवड्याला कोणीतरी पोरगा सांगतो, की सर, प्रोफाइलवर रोज काहीतरी टाकायचं म्हणे, पाचशे लोकांना जोडून घ्यायचं म्हणे. टाका खुशाल. माझ्या पाहण्यात आमच्या धंद्यात त्यातून कोणाला बोलावणं आलेलं नाही. मी करतो ते इथे लिहितो.

आधी एक काम असं करा, ज्याचा आकडा बिलात दिसतो. "मेंटेनन्स चांगला करतो" हे कोणी दुसऱ्याला सांगत नाही. "त्याने पॉवर फॅक्टर ०.९१ वरून ०.९९ वर नेला" हे सांगतात. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं वीजबिल केव्हीएएचवर निघतं, त्यामुळे खराब पॉवर फॅक्टर थेट युनिटांत मोजला जातो. महिन्याला २,००,००० केडब्ल्यूएच वापरणारा कारखाना ०.९१ वर असेल, तर बिलात सुमारे २,१९,८०० युनिट लागतात आणि ०.९९ वर सुमारे २,०२,०००. फरक १७,८०० युनिटांच्या आसपास. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे महिन्याला १ लाख ४२ हजार.

आमच्याकडे कारण साधं होतं. व्हीएफडी वाढत गेले, त्यांच्या हार्मोनिक्सने पॅनेलमधले कपॅसिटर तापून फुगले, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हाने उरलेलं काम केलं. मी डीट्यून्ड रिअॅक्टरसह नवीन कपॅसिटर बसवून घेतले. तीन महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा साहेबांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्याचं एक पान लिहा. काय बिघडलं होतं, काय केलं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. कंपनीचं नाव, बिलाची प्रत किंवा ड्रॉइंग बाहेर न्यायचं नाही. एकदा नेलंत तर पुढचा मालक लगेच ओळखतो, की हा उद्या माझंही नेईल.

ते योग्य माणसाच्या कानावर जाऊ द्या. हा माणूस तुमच्या शेजारच्या टेबलावरचा नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली छापलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की खबर देणारा तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे शंभरात जेमतेम सतरा निघाले; बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. रोजच्या माणसाला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे हा अधूनमधून भेटणारा म्हणजे कपॅसिटर पॅनेलचा किंवा कंप्रेसरचा सर्व्हिस इंजिनिअर. तो महिन्यात दहा कारखान्यांत जातो. कुठे कोण चाललाय, कुठे कोणाला वैताग आलाय, हे त्याला एचआरच्या आधी कळतं. त्याला गेटवर तासभर उभा ठेवू नका, त्याच्या कामाचं सर्टिफिकेट वेळेवर सही करून द्या, तर्री-पोहे खाताना तुमचा आकडा सांगा. मी एवढंच केलं. सात महिन्यांनी फोन आला.

फोन. इथे मी दोनदा तोंडावर पडलोय, म्हणून सावकाश वाचा.

बिनअर्जाची ऑफर कधीच "आमच्याकडे या" अशी येत नाही. ती अशी येते: "भाऊ, आम्ही इलेक्ट्रिकलवाला शोधून राहिलो. तुमच्या पाहण्यात आहे का कोणी?" पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी मोठ्या मनाने एका मित्राचा नंबर देऊन मोकळा झालो. वर्षभराने त्याच गृहस्थांनी सांगितलं, "अरे, तुलाच विचारत होतो बे!" सरळ विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर दोघांचीही पंचाईत होते, म्हणून हा आडवळणाचा रस्ता. अशा वेळी नाव देऊ नका आणि उडीही मारू नका. विचारा, "काम काय आहे? आधीचा का गेला?" पुढे दोन मिनिटं समोरचा बोलला, तर तुम्हालाच विचारतोय. "कोणीही चालेल, फक्त लवकर पाठवा" म्हणाला, तर खरंच दुसरा कोणी हवाय.

दुसरी चूक पैशाची. "सध्या किती मिळतात?" असं विचारलं आणि मी बोलून गेलो, एकतीस हजार. पस्तीस मिळाले, आनंदाने घेतले. तिथे गेल्यावर कळलं, आधीचा माणूस पंचेचाळीस घेत होता. आकडा लपवायचा असं नाही. पुढे एचआर पगाराची स्लिप मागतंच, आणि खोटा आकडा तिथे उघडा पडतो. मुद्दा क्रमाचा आहे. आधी त्यांच्या कामाची किंमत निघाली पाहिजे, मग तुमच्या पगाराचा विषय.

तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "साहेब, आधी प्लांट पाहतो, मग बोलू." रविवारी गेलो. पॅनेल उघडून पाहिलं, दोन महिन्यांची बिलं मागितली. तोच आजार. घाट्याचा आकडा त्यांच्याच बिलावरून, त्यांच्यासमोर काढला: महिन्याला लाखाच्या वर. उपाय मात्र सगळा सांगितला नाही. कितीचा रिअॅक्टर, किती कपॅसिटर, हे फुकटात सांगितलं की तुमचं काम संपलं, ते पॅनेलवाल्याला बोलावून करून घेतात. मग त्यांनी पगार विचारला. मी म्हणालो, "आत्ता सेहेचाळीस आहेत, या कामासाठी सत्तर घेईन." सहासष्टवर ठरलं. सेहेचाळीसवर दहा-पंधरा टक्के वाढ असं गणित कोणी मांडलंच नाही, कारण टेबलावर त्यांचं बिल पडलं होतं.

हे सगळीकडे चालत नाही. मोठ्या ग्रुप कंपन्यांत ग्रेड ठरलेली असते, प्लांट हेडच्या हातात काही नसतं; तिथे पहिल्याच फोनवर ग्रेड विचारा आणि वेळ वाचवा. आणि ज्यांचा पॉवर फॅक्टर आधीच ०.९९ आहे त्यांना तुमच्या आकड्याचं काय कौतुक? तिथे दुसरी दुखरी जागा सापडली नाही, तर बाजारभावावर समाधान माना किंवा सोडा. आणखी एक: "पीएफ धरून" असा पगार सांगितला तर विचारा, मालकाचा वाटाही त्यातच का? आमच्या धंद्यात पीएफ दोन आहेत आणि फसवतात दोन्ही.

ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. तोंडी शब्दावर दिलेला राजीनामा परत घेताना पाहिलाय मी एकाला, बघवत नाही.

नोटीस पिरिअड पूर्ण करा. पॅनेलचं ड्रॉइंग अद्ययावत करून, कोणता फीडर कुठे जातो ते लिहून ठेवा. नवा मालक जुन्या साहेबांना फोन लावतोच, बहुतेक तुम्ही रुजू झाल्यावर. माझ्या बाबतीत तो फोन दुसऱ्याच आठवड्यात गेला होता. मला तो कळला सर्व्हिस इंजिनिअरकडून, तर्री-पोह्याच्या गाडीवर.