कथेतलं 'त्याला वाटलं' पटकथेत कुठे जातं

डिचोलीच्या एका मित्राची कथा लघुपटासाठी लिहायला घेतली होती. कथा साधी. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारा हरीचा ट्रक अंगणात उभा राहिला. बायको म्हणते विकून टाका, याला विकवत नाही. कथेचा निम्मा भाग हरीच्या डोक्यात चालतो. पहिल्यांदाच पटकथा लिहिणारे नेमके इथेच अडतात, म्हणून हे एकच उदाहरण सविस्तर सांगतो.

आधी कथेची प्रिंट काढली आणि वाटलं, आठवलं, उमगलं, ठरवलं अशी क्रियापदं असलेल्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारला: या विचारामुळे हरी काही वेगळं करतो का? उत्तर 'नाही' आलं की ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेवायचं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, त्यामुळे चिंतनाची चैन परवडत नाही.

उरलेल्यांपैकी एक वाक्य असं होतं: 'रोज सकाळी इंजिन सुरू केलं की हरीला वाटायचं, अजून सगळं संपलेलं नाही.' यातला 'रोज' हा शब्दच कॅमेऱ्यात येत नाही, कारण कॅमेऱ्याला एका वेळी एकच सकाळ दिसते. त्यावर नवखा लेखक शेजाऱ्याच्या तोंडी घालतो, "काय हरीभाऊ, रोज इंजिन सुरू करता!" असं कुणी बोलत नसतं. आम्ही सवयीची खूण शोधली. सायलेन्सरसमोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर काजळीचा काळा डाग आहे, बाकी भिंत चुन्याने पांढरी. हरी केबिनमध्ये चढतो तशी बायको न बघताच दोरीच्या त्या टोकाचे कपडे काढून दुसऱ्या टोकाला टाकते. मग इंजिन सुरू होतं. किती वर्षं हे चाललंय आणि तिने ते कसं सोसलंय, दोन्ही कळतं.

दुसरं वाक्य जास्त अवघड: 'त्याला ट्रक विकायचा नव्हता, पण बायकोला तसं सांगायची छाती नव्हती.' मनातली गोष्ट बाहेर काढायला तिसरं माणूस लागतं, म्हणून कथेत फक्त उल्लेख असलेलं बेळगावचं गिऱ्हाईक प्रत्यक्ष अंगणात आणलं. (संवाद मराठीत आहेत कारण फिल्म मराठी, एरवी घरात ही दोघं कोकणीच बोलली असती.)

बाह्य. हरीचं अंगण. सकाळ.

गिऱ्हाईक बॉनेटवर हात फिरवतं. हरी फडक्याने आरसा पुसतोय.

गिऱ्हाईक: गाडी ठेवलीय छान.

हरी: दिसते छान. रेडिएटर गळतो.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात येते.

बायको: गेल्या महिन्यात नवा घातलात ना?

हरी आरसा पुसत राहतो. आरसा केव्हाच स्वच्छ झालेला आहे.

हरी विकायला बसलाय आणि आपल्याच मालाला नावं ठेवतोय. 'माझा जीव आहे या ट्रकवर' असं त्याने म्हटलं असतं, तर नटाला करायला काही उरलंच नसतं. पण हे खोटं प्रेक्षकाला पकडता यायला हवं, म्हणून आधीच्या एका दृश्यात चवथीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून हरी नवा रेडिएटर बसवताना दिसतो. आता बायकोचं वाक्य माहिती द्यायला येत नाही. ते हरीला उघडं पाडतं. ते आधीचं दृश्य काढलं तर हाच संवाद खुलासा बनतो आणि पांगळा होतो.

कृतीच्या ओळींमध्ये मागच्या दाराने मन परत शिरतं, तिकडे लक्ष हवं. 'हरी खिन्नपणे ट्रककडे बघतो, त्याला वडील आठवतात' असं लिहिलं, की दिग्दर्शकाने चित्रित काय करायचं? वडील आठवतात हे दाखवायला हातात वस्तू द्या, नाहीतर वडील सोडून द्या. आम्ही सोडून दिले. मित्र नाराज झाला, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. वडिलांबद्दलचा तो परिच्छेद कथेतला सर्वांत चांगला होता. पण त्याची सगळी गंमत निवेदकाच्या तिरकस सुरात होती, आणि तो सूर कृतीत उतरत नाही. निवेदनाचा आवाज वापरावा का, यावर आमचा वादही झाला. माझं मत असं, की आवाज चित्रापेक्षा वेगळं काही सांगत असेल तरच ठेवावा. हरी आरसा पुसतोय आणि आवाज म्हणतोय 'मला विकायचा नव्हता', यात काय मिळालं?

शेवटी सगळे संवाद झाकून फक्त कृतीच्या ओळी कथा न वाचलेल्या एका मैत्रिणीला वाचायला दिल्या आणि हरीला काय हवंय ते विचारलं. ती म्हणाली, "त्याला जास्त भाव हवाय." म्हणून आम्ही एक कृती वाढवली: गिऱ्हाईक पाकीट काढून नोटा मोजायला लागतं, तेव्हा हरी आकडा ऐकायच्या आतच केबिनचं दार लावून किल्ली खिशात टाकतो.