स्नेहमेळाव्यात दोन मिनिटांत ओळख

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात चाळीस जण प्रत्येकी दोन मिनिटं बोलले तरी ऐंशी मिनिटं जातात. म्हणून आपली ओळख आधी लिहून काढा आणि मोबाइलवर वेळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघा. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत साधारण दोनशे शब्द बसतात.

घोळ होतो तो सगळ्या नोकऱ्या सनावळीसकट सांगताना. तिसऱ्या कंपनीपर्यंत लोक शेजाऱ्याशी बोलायला लागलेले असतात. त्यापेक्षा एकच वळण निवडा आणि ते का घेतलं ते सांगा. समजा, २००० च्या सिव्हिल बॅचचा कुणी असं बोलला:

“मी हॉस्टेलच्या बारा नंबर खोलीतला, सर्व्हे कॅम्पला थिओडोलाइट खांद्यावर वाहणारा. पास झाल्यावर आठ वर्षं पुलांच्या साइटवर होतो. २००८ मध्ये वडील आजारी पडले, म्हणून गावी परतलो आणि छोटी कामं घ्यायला लागलो. आता जुन्या इमारतींची दुरुस्ती करतो. कुणाच्या सोसायटीत गळती असेल, तर जेवताना भेटा.”

पहिल्या वाक्यात चेहरा ओळखू येतो, शेवटच्या वाक्याने पुढच्या गप्पांना विषय मिळतो. आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी कॉलेजातलं आडनाव आधी सांगावं, नाहीतर मागच्या रांगेत “ही कोण?” सुरू होतं. मध्ये नोकरी सुटली असेल किंवा मुलांसाठी घरी थांबला असाल, तर तेही एका सरळ वाक्यात सांगा. पगाराचा आकडा मात्र नको.